ब्रँडसाठी निवडलेला संस्कृत शब्द: अर्थ, लेखन आणि उच्चार तपासण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मी बरीच वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर शिकवण्या बंद केल्या, पण चिठ्ठ्या सुरू झाल्या. जुना विद्यार्थी येतो, चिठ्ठीवर एक शब्द लिहिलेला असतो आणि म्हणतो, "बाई, नाव तेवढं बघून द्या, उद्या प्रिंटरकडे जायचंय." तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

सगळीकडे शक्यतो एकच उदाहरण घेतलं आहे. निफाड तालुक्यातलं एक कुटुंब आपल्याच बागेतल्या द्राक्षांचे बेदाणे करतं. आजवर माल सुटा, व्यापाऱ्याला जायचा. आता पाव किलो आणि अर्धा किलोची पाकिटं काढायची होती. सूनबाईंनी नाव निवडलं होतं: मृद्विका.

नाव बाळांच्या नावांच्या साइटवर मिळालं आणि अर्थही तिथे दिलेला आहे. मग आणखी काय तपासायचं?

तिथला अर्थ कुठून आला, हे तपासायचं. अशा साइटवर प्रत्येक नावाचा अर्थ "सुंदर", "देवीचं एक नाव" किंवा "तेजस्वी" असाच असतो. कोणत्या ग्रंथात, कोणत्या संदर्भात तो शब्द आला, हे तिथे कधीच सांगितलेलं नसतं. सूनबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं "मृदू बोलणारी मुलगी".

शब्द बनावट नव्हता, हे आधी सांगते. बनावट शब्दही पुष्कळ येतात, दोन गोड अक्षरांना "-षा" किंवा "-वी" लावून केलेले. इथे मात्र मूळ शब्द पक्का होता, फक्त लेखन आणि अर्थ दोन्ही थोडे घसरलेले होते. खरा शब्द मृद्वीका. अर्थ द्राक्षवेल, द्राक्ष. "मृदु" या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप "मृद्वी", आणि मऊ फळाची वेल म्हणून मृद्वीका. चरकसंहितेत औषधी द्रव्यांच्या यादीत हा शब्द सरळ द्राक्षासाठी येतो. "मृदू बोलणारी" हा अर्थ साइटवर कसा शिरला असेल, याचा माझा एक अंदाज आहे. नैषधीयचरित या संस्कृत काव्यात हंस दमयंतीचं बोलणं ऐकतो. तिथे तिची वाणी "मृद्वी" आहे आणि तिची गोडी "मृद्वीके"सारखी आहे, असा शब्दांचा खेळ आहे. कुणीतरी उपमा वाचली आणि फळाऐवजी वाणीच उचलली.

म्हणजे बेदाण्याच्या पाकिटाला अजाणता अगदी नेमका शब्द सापडला होता. असं क्वचित घडतं, पण घडतं.

कोणता कोश बघायचा? आणि कोशात सापडलं की काम झालं का?

मी तीन कोश बघते आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

पहिला वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश. १८९० साली निघाला, तरी अजून त्याला तोड नाही. कारण ते अर्थ देऊन थांबत नाहीत. शब्द कोणत्या काव्यात कसा आला, त्याची ओळही देतात. ब्रँडसाठी हे फार मोलाचं, कारण शब्दाची संगत कळते. तो कुणाच्या तोंडी आहे, स्तुतीत आहे की निंदेत, हे ओळीवरून दिसतं.

दुसरा मोनियर-विल्यम्सचा, १८९९ च्या आवृत्तीचा. यात एक खूण शिकून घ्या. अर्थापुढे `L.` असं अक्षर असेल, तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदवलेला आहे. प्रत्यक्ष ग्रंथात तो वापरलेला मिळालेला नाही. एखाद्या शब्दाला दहा अर्थ दिलेले असतात आणि तुम्हाला आवडलेल्या आठव्या अर्थापुढे नेमका `L.` असतो. तो अर्थ खोटा नसतो, पण त्याच्यावर कंपनीची गोष्ट रचू नका. हे दोन्ही कोश कोलोन विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात फुकट शोधता येतात. तिथे रोमन लिपीत टाइप करून शोधायचं असेल तर हार्वर्ड-क्योटो पद्धत निवडा. त्यात ऋ साठी मोठा R, दीर्घ ई साठी मोठा I आणि दीर्घ आ साठी मोठा A लागतो. आपला शब्द `mRdvIkA` असा टाइप करायचा. सगळी अक्षरं छोटी लिहिलीत तर शब्द सापडणार नाही, आणि "कोशात नाहीच" असं म्हणून लोक परत येतात.

तिसरा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७. संस्कृत शब्दासाठी मराठी कोश कशाला, असं सगळे विचारतात. तुमचं गिऱ्हाईक संस्कृत बोलत नाही, मराठी बोलतं, म्हणून. याबद्दल पुढे एक वेगळा प्रश्न आहे.

एकाच वस्तूला संस्कृतात चार-पाच शब्द असतात. त्यातला कोणता घ्यायचा?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. अमरकोशात द्राक्षाची पाच नावं एकाच ओळीत बसवलेली आहेत:

मृद्वीका गोस्तनी द्राक्षा स्वाद्वी मधुरसेति च

बेदाणेवाल्या कुटुंबाला मी ही ओळ लिहून दिली आणि आम्ही ओसरीवर बसून एकेक शब्द चाळला. सासरे, मुलगा, सूनबाई आणि मी. कोशात पाचही शब्दांचा अर्थ द्राक्षच आहे, पण पाकिटावर छापायला पाचांची लायकी सारखी नाही.

गोस्तनी. गाईच्या सडासारखी लांबट द्राक्षं, म्हणून हे नाव. वर्णन इतकं नेमकं की आपल्याकडच्या लांब मण्याच्या द्राक्षांना आजही शोभेल. पण सासऱ्यांनी शब्द एकदा मोठ्याने वाचला, सूनबाईंकडे पाहिलं आणि कागद खाली ठेवला. मराठी कानाला त्यात गाय आणि सड ऐकू येत नाहीत, दुसरंच ऐकू येतं. दुकानात कुणी हे नाव घेऊन वस्तू मागणार नाही. बाद.

द्राक्षा. अर्थ स्पष्ट आणि उच्चारही सगळ्यांना ठाऊक. अडचण अशी की मराठीत फळ "द्राक्ष" नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे पाकिटावर "द्राक्षा" वाचून लोकांना छपाईची चूक वाटते. शिवाय बेदाण्याच्या पाकिटावर "द्राक्ष" लिहिणं म्हणजे दुकानाला "दुकान" नाव देण्यासारखंच. दुसरा कुणीही तोच शब्द वापरू शकतो आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. याचं कारण ट्रेडमार्कच्या उत्तरात आहे.

स्वाद्वी. "स्वादु" म्हणजे गोड, रुचकर. त्याचं स्त्रीलिंगी रूप स्वाद्वी. अर्थाने पाकिटासाठी सगळ्यात चांगलं, आणि मुलाला तेच हवं होतं. मी त्याला म्हटलं, "आतल्या खोलीत जा आणि तिथून हाक मारल्यासारखा शब्द म्हण." त्याने म्हटला. सासऱ्यांना ऐकू आलं "साध्वी".

मधुरसा. इथे दोन खड्डे आहेत. शब्द फुटतो "मधु + रसा" असा, मधासारखा रस असलेली. पण वाचणारा तो "मधुर + सा" असा फोडतो, आणि हिंदी कानाला त्याचा अर्थ होतो "जरासा गोड". गोड माल विकणाऱ्याने "जरासा गोड" असं का म्हणून घ्यावं? दुसरा खड्डा खोल आहे. त्याच अमरकोशात, त्याच वनस्पतींच्या भागात थोडं आधी "मूर्वा देवी मधुरसा" अशी ओळ आहे. म्हणजे मधुरसा हे मूर्वा नावाच्या निराळ्याच वेलीचंही नाव. बेदाण्याला चाललं असतं, पण आयुर्वेदाच्या दुकानात माल ठेवायचा असेल तर जाणकार वैद्य विचारणारच. संस्कृतात वनस्पतींच्या नावांबाबत हा घोळ कायमचा आहे. एक नाव चार झाडांना, एका झाडाला दहा नावं. म्हणून वनस्पतीचं नाव घेताना कोशातली पहिली नोंद बघून थांबू नका, तोच शब्द आणखी कुठे येतो हेही बघा.

मृद्वीका. पाचातला हा एकच शब्द असा निघाला की मराठीत त्याला कोणताच जुना अर्थ चिकटलेला नाही. सासऱ्यांनी "मृ" वरून शंका काढली, मृत आणि मृत्यू आठवतात म्हणाले. शंका वाजवी होती. पण मृणाल, मृदुला हेही "मृ" नेच सुरू होतात आणि मुलींची नावं म्हणून ठेवले जातात. ती हरकत आम्ही सोडून दिली. खरी अडचण उच्चारात निघाली, ती पुढे सांगते.

संस्कृतात अर्थ उत्तम आहे, पण मराठीत वेगळाच आहे. चालेल का?

गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठी अर्थच जिंकतो. कोश दाखवून तुम्ही वाद जिंकाल, माल विकणार नाही.

संस्कृतात आणि हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण. एका विद्यार्थ्याला कॉलेज रोडवर क्लास काढून त्याला हे नाव द्यायचं होतं. मी म्हटलं, पोरं म्हणतील, "आई, मी शिक्षेला जातो." तसंच "यातायात". हिंदीत वाहतूक, मराठीत नुसती दगदग. मालवाहतुकीच्या धंद्याला ते फार खरं नाव होईल, पण म्हणून ठेवायचं नसतं! "राग" संस्कृतात रंग आणि प्रेम, मराठीत संताप. "चेष्टा" संस्कृतात हालचाल, प्रयत्न आणि मराठीत थट्टा.

"अरिष्ट" सगळ्यात गमतीचं. मूळ फोड "अ + रिष्ट", म्हणजे इजा न झालेलं, सुरक्षित. संस्कृतातच पुढे त्याला अपशकुन, संकट असाही अर्थ आला, आणि मराठीत फक्त संकटच उरलं. तरी द्राक्षारिष्टाची बाटली घरोघरी असते आणि कुणाला दचकायला होत नाही, कारण तिथे तो औषधाचा प्रकार म्हणून रुळलेला आहे. एखाद्याने नुसतं "अरिष्ट" नावाचं पेय काढलं तर ती सोय त्याला मिळणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. मोल्सवर्थ उघडा आणि मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शब्द विचारा. कोशात काय चांगलं आहे ते सांगू नका, नुसतं "हे ऐकून काय आठवलं?" एवढंच विचारा.

ऱ्हस्व की दीर्घ? इतक्या बारीक गोष्टीने काय फरक पडतो?

मृद्वीका या शब्दात "द्वी" दीर्घच. सूनबाईंनी, साइटने आणि पुढे प्रिंटरनेही ऱ्हस्व केला, आणि त्याचं कारण आळस नाही. नायिका, मालिका, वाटिका, नासिका असे "-इका" ने संपणारे शेकडो शब्द आपल्या हाताला सरावाचे आहेत आणि त्या सगळ्यांत "इ" ऱ्हस्व आहे. "-ईका" विरळा. हात सवयीच्या वळणावर जातो. म्हणून "कानाला बरोबर वाटतं" हा लेखनाचा पुरावा मानू नका, कोशातलं अक्षर बघा.

मराठीचा आणखी एक नियम इथे नडतो. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर मराठीत तो दीर्घ लिहायचा. संस्कृतात "कृषि", मराठीत "कृषी". पण तोच शब्द समासात आधी आला की पुन्हा ऱ्हस्व, म्हणून "कृषिधन". त्यामुळे एकाच कंपनीच्या पाटीवर "कृषी" आणि पाकिटावर "कृषिधन" असेल तर दोन्ही बरोबर आहेत. उगाच एकसारखं करायला जाऊ नका.

आणि लेखनातल्या एका अक्षराने काय होतं ते बघायचं असेल तर गावात फिरून खाणावळींच्या पाट्या वाचा. "उपाहारगृह" म्हणजे उप + आहार, नाश्त्याचं ठिकाण. "उपहार" म्हणजे भेट, नजराणा. काना गेला की पाटीवर भेटवस्तूंचं दुकान होतं आणि आत मिसळ मिळते.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये u लिहायचं की i?

"ऋ" चा मूळ उच्चार आज कुणीच सहज करत नाही. मराठी माणूस त्याला "रु" म्हणतो आणि हिंदी माणूस "रि". म्हणून आपल्याकडे `Mrudvika` आणि दिल्लीकडे `Mridvika`. यातलं एक शुद्ध आणि दुसरं अशुद्ध असं काही नाही. अभ्यासकांच्या रोमन लिपीत तो `mṛdvīkā` असा, र खाली टिंब देऊन लिहितात, पण ते टिंब वेबसाइटच्या पत्त्यात आणि ईमेलमध्ये कामाचं नाही.

माल कुठे विकणार, हा खरा प्रश्न आहे. या कुटुंबाचा माल नाशिक, पुणे, मुंबईत जायचा, म्हणून `Mrudvika` ठरलं. दुसरं स्पेलिंग मोकळं असेल तर तेही वेबसाइटसाठी घेऊन ठेवा म्हटलं, कारण हिंदी माणूस तेच टाइप करून शोधणार. मात्र पाकिटावर एक आणि बिलावर दुसरं असं होऊ देऊ नका. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ तसाही दिसत नाही, तेव्हा i एकदा की दोनदा यावर रात्र घालवू नका. इथे लोक अंकशास्त्रासाठी जादा अक्षर घालायलाही सांगतात. त्या बाबतीत माझ्याकडे येऊ नये.

उच्चाराची चाचणी घरच्या घरी कशी करायची?

फोनवर करायची, समोर बसून नाही. समोर बसलेला माणूस तुमचे ओठ बघतो, शिवाय तुमचं मन राखतो.

धंद्याशी संबंध नसलेल्या पाचसहा जणांना फोन करा. वेगवेगळ्या वयाचे घ्या, एखादा हिंदी बोलणाराही घ्या. वाक्यात नाव एकदाच म्हणा, "आम्ही अमुक नावाचे बेदाणे काढलेत", आणि त्यांना ऐकलेलं नाव व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. पुन्हा विचारलं तर सांगू नका. त्यांना जे ऐकू आलं तेच हवं आहे.

बेदाणेवाल्यांनी सहा फोन केले. दोघांनी "मृद्विका" लिहिलं. ते चालण्यासारखं, शब्द ओळखला होता. एकाने "मृदविका". एका आजींनी "रुद्रिका". आणि दोघांनी "मुद्रिका". सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे होतं. मुद्रिका म्हणजे अंगठी, तो स्वतःच चांगला रूढ संस्कृत शब्द आहे. मेंदूला अनोळखी शब्द ऐकू आला की तो जवळचा ओळखीचा शब्द त्या जागी बसवतो. "द्वी" हे जोडाक्षर घाईत बोलताना नीट फुटत नाही आणि "द्रि" त्याची जागा घेतो.

यातून नाव बाद होतंच असं नाही. माल फोनवरून मागवला जाणार असेल तर हे नाव अडचणीचं. पाकीट हातात घेऊन, वाचून विकत घेतलं जाणार असेल तर चालेल. माझं मत विचाराल तर मी यापेक्षा सोपं नाव शोधलं असतं. पण कुटुंबाची विक्री प्रदर्शनं आणि ओळखीची दुकानं अशी होणार होती, आणि सूनबाईंचा जीव त्या शब्दात अडकला होता. नाव राहिलं.

दोन संस्कृत शब्द जोडून नवं नाव केलं तर?

संधी लावून बघा आणि लावल्यावर तयार झालेला शब्द पुन्हा कोशात बघा. एका रसवंतीवाल्याला "नीर" म्हणजे पाणी आणि "रस" असे दोन्ही आणायचे होते. त्याने केलं "नीरस". संस्कृतात "निः + रस" चं रूप तेच होतं. अर्थ: ज्यात रस नाही असं.

कोशात बरोबर, चिठ्ठीवरही बरोबर. मग छापून चूक कशी येते?

संगणकावर. प्रिंटरकडे अजून बरेचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर काम चालतं. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोडमधला शब्द तो ऑपरेटर एकतर कन्व्हर्टरमधून घालतो किंवा बघून पुन्हा टाइप करतो. दोन्हीत जोडाक्षरं मार खातात. "द्व", "द्ध" आणि "ध्द" ही तीन अक्षरं लहान आकारात सारखीच दिसतात. "शुद्ध" चं "शुध्द" झालेलं तुम्ही रोज बघता, तीच गंमत. आमच्या बेदाण्याचं पहिलं प्रूफ आलं त्यात "मृध्वीका" होतं. घरात तिघांनी वाचलं आणि कुणाला कळलं नाही, कारण माहीत असलेला शब्द डोळा वाचत नाही, ओळखतो.

दोन उपाय आहेत. पहिला, प्रूफ दुप्पट-चौपट मोठं करून घ्या आणि शब्द उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा: का, द्वी, मृ. दुसरा, फाइल तुमच्याकडून युनिकोडमध्ये जाऊ द्या आणि त्यात नेमकी कोणती चिन्हं आहेत ते सोबत लिहून द्या. आपल्या शब्दात आठ आहेत:

```
म  092E
ृ  0943
द  0926
्  094D
व  0935
ी  0940
क  0915
ा  093E
```

यात 0943 च्या जागी 094D 0930 0941 असं काही दिसलं तर कुणीतरी "मृ" ऐवजी "म्रु" टाइप केलं आहे. मराठीत उच्चार सारखा, पण शब्द निराळा, आणि इंटरनेटवर शोधताना तो सापडणार नाही. एरवी हे खुशाल सोडून द्या, आठ अक्षरांसाठी संगणकतज्ज्ञ होण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र वेळेत करा. प्रिंटरच्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं "कर्व्ह" करण्याआधी प्रूफ तपासा. कर्व्ह झालं की ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं. मग दुरुस्ती म्हणजे मजकूर पुन्हा टाइप करणं. आणि पाकिटाच्या छपाईचे सिलिंडर कोरले गेले असतील तर प्रश्न अक्षराचा राहत नाही, पैशाचा होतो.

नाव शुद्ध आहे, अर्थ सुंदर आहे. मग ट्रेडमार्क मिळेल ना?

शुद्धतेचा आणि ट्रेडमार्कचा संबंध नाही, उलट कधी कधी वैर असतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, गुण किंवा उगम नुसता सांगणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही. "द्राक्षा" म्हणूनच कच्चं. "मृद्वीका" चा अर्थही द्राक्षच, फक्त गिऱ्हाइकाला तो ठाऊक नसतो. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कोश उघडला तर हरकत येऊ शकते. म्हणून अर्थ लपवू नका. एजंटला आधीच सांगा, म्हणजे तो उत्तर तयार ठेवील. अर्ज कोणत्या वर्गात करायचा तेही त्याच्याशी बोला. बेदाणे आणि सुकामेवा २९ व्या वर्गात येतो, ताजी द्राक्षं ३१ व्या, वाइन ३३ व्या.

शोध घेताना नुसता तोच शब्द टाकून थांबू नका. रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात उच्चारावरून शोधण्याची सोय आहे. फोनच्या चाचणीत जे चुकीचे शब्द आले ते सगळे तिथे टाका. आमच्या बाबतीत "मुद्रिका" सुद्धा.

कारण न्यायालय व्युत्पत्ती विचारत नाही. "अमृतधारा" विरुद्ध "लक्ष्मणधारा" हा जुना खटला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्यावर निकाल दिला. अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा, अर्थ उघड निराळे. तरी न्यायालयाचं म्हणणं असं की साधं, अर्धवट लक्षात ठेवणारं गिऱ्हाईक शब्द फोडून बघत नाही. त्याच्या कानात एकूण ठसा राहतो आणि तो सारखा आहे. दोघांचीही औषधं साधारण त्याच दुखण्यांसाठी होती. जवळपास त्याच मालासाठी तुमच्या शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या शब्दासारखं असेल, तर संस्कृत फोड घेऊन कोर्टात जाण्याचा उपयोग नाही.

देवाचं नाव घेऊ का?

पंचवटीत राहून हा प्रश्न दर महिन्याला येतो. कायद्यात धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाला मनाई आहे, पण त्याआधी एक साधा विचार करा. पाकीट रिकामं झाल्यावर कुठे पडेल? मी देवाची नावं तपासून देते, सुचवत नाही.

पाकिटावर ब्रँडचं संस्कृत नाव पुरे आहे का? "बेदाणे" लिहायलाच हवं?

लिहायलाच हवं. खाद्यपदार्थाच्या लेबलवर पदार्थाचं नाव वेगळं द्यावं लागतं, ब्रँडचं नाव त्याची जागा घेऊ शकत नाही. हे कळल्यावर पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो, कारण मग ब्रँडच्या शब्दाने सगळं सांगण्याची गरज उरत नाही. गंमत म्हणजे "बेदाणा" हा शब्द संस्कृत नाही, फारसी आहे: बे-दाना, बिया नसलेला. वर अमरकोश आणि खाली फारसी, आणि पाकीट मराठी. मला ते फार आवडलं.

दुकानाच्या पाटीचं निराळं. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मराठी देवनागरी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं. म्हणजे आता ऱ्हस्व-दीर्घाची चूक पाटीवर सगळ्यात मोठी दिसते.

चुकीचं छापून झालं आहे, दोन वर्षं माल विकतो आहे. आता काय?

आधी चूक कोणत्या जातीची ते बघा. अर्थाची चूक असेल आणि लोक हसत असतील, तर बदला. नुसती ऱ्हस्व-दीर्घाची असेल आणि गिऱ्हाईक त्याच अक्षरांनी तुम्हाला ओळखत असेल, तर तो आता शब्द राहिला नाही, तुमचं नाव झालं. नावाला व्याकरण लागत नाही. आपल्या शहराचंच बघा, नाशिक की नासिक हे अजून दोन्हीकडे लिहिलं जातं आणि गाडी बरोबर ठिकाणी थांबते.

नोंदलेला ट्रेडमार्क मात्र मनाने दुरुस्त करू नका. त्याची मूळ ओळख फारशी बदलणार नाही एवढाच बदल करायला कलम ५९ खाली परवानगी मागता येते, त्यापुढे नवा अर्ज. पुढच्या छपाईच्या वेळी एजंटला विचारून बदल करा, जुना साठा संपू द्या.

बेदाणेवाल्यांचं प्रूफ सिलिंडरआधी सापडलं, ते सासऱ्यांना. त्यांना चष्मा लावूनही बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी नातीला एकेक अक्षर वाचायला लावलं. तिसरीतली मुलगी. ती म्हणाली, "आजोबा, हा ध, धनुष्यातला."